सासऱ्यांच्या वेबिनारचे सात तुकडे

ऑफिसात तिला सगळे शिंपीणबाई म्हणत. खरं तर सुईत दोरा ओवायचा म्हटला तरी तिला दोनदा चष्मा पुसावा लागे, आणि नवऱ्याच्या शर्टाचं बटण तुटलं की तो शर्ट ती कपाटाच्या तळाशी ढकलून देई. नाव पडलं ते तिच्या कामावरून. एका ताग्यातून सात झबली बेतावीत तशी ती एका वेबिनारमधून आठवड्याच्या सात पोस्ट बेतायची, आणि चिंधीसुद्धा वाया जाऊ द्यायची नाही.

तिची कंपनी छोट्या धंदेवाल्यांना धंदा शिकवायची. म्हणजे दुकानदार, वर्कशॉपवाले, घरून साबण विकणाऱ्या बायका, असे लोक. चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या. एका खोलीत कॅमेरा, गोल दिवा आणि मागे पुस्तकांचं कपाट. त्या कपाटातली निम्मी पुस्तकं नुसती पुठ्ठ्याची होती, पण पडद्यावर ती फार विद्वान दिसत. दुसऱ्या खोलीत शिंपीणबाई, तिचा कॉम्प्युटर आणि कंपनीचे मालक. मालकांना सगळे सर म्हणत. सर वयाने तिच्यापेक्षा लहान आणि उत्साहाने तिच्या दुप्पट होते. माणूस वाईट नव्हता, पण आकडा वर जाताना दिसला की त्याला बाकी काही दिसत नसे.

आधी ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. छापखाना बंद पडला तेव्हा फोन उचलायच्या कामावर इथे आली. एकदा सर म्हणाले, "ताई, वेबिनार संपला की लोक विसरून जातात हो. त्यावर चार ओळी लिहून टाका ना." चार ओळींच्या चाळीस झाल्या, आणि फोन दुसरं कोणीतरी उचलायला लागलं. 

तिची कामाची पद्धत ठरलेली होती. गुरुवारी वेबिनार व्हायचा. शुक्रवारी ती आख्खं रेकॉर्डिंग एकदा नुसतं ऐकायची, हातात पेन न घेता. मग मशीनने आपोआप उतरवलेला मजकूर समोर घ्यायचा, कामाच्या जागी खुणा करायच्या आणि प्रत्येक खुणेपुढे मिनिट लिहायचं. मग वाटणी. एक दिवस सरकवायच्या स्लाइड, एक दिवस मिनिटभराचा उभा व्हिडिओ, एक दिवस चित्रावर एकच ठसठशीत वाक्य, एक दिवस जरा लांब मजकूर, एक दिवस लोकांना विचारायचा प्रश्न, एक दिवस वेबिनारमध्ये कोणी विचारलेल्या शंकेचं उत्तर, आणि रविवारी आख्ख्या रेकॉर्डिंगची लिंक, पुढच्या बॅचच्या नोंदणीसकट. व्हिडिओवर अक्षरं उमटवायचीच, कारण अर्धं जग आवाज बंद ठेवून बघतं. आणि या सगळ्यावर एक नियम, जो तिने स्वतःच घालून घेतला होता: प्रत्येक तुकडा आपल्या पायावर उभा राहिला पाहिजे. मंगळवारची पोस्ट बघणाऱ्याने सोमवारची बघितलेली नसते, आणि बुधवारची तो बघेलच याची काही खात्री नसते.

नियम उत्तम होता. तो तिने मोडला कसा, याचीच ही हकिकत.

त्या आठवड्यात वेबिनार घेणाऱ्या नेहमीच्या मास्तरांचा घसा बसला. विषय जाहीर झालेला, 'पुरवठादाराशी बोलणी कशी करावी', आणि नावं नोंदवलेली. सर डोकं धरून बसले होते. शिंपीणबाई सहज बोलून गेली, "आमच्या घरी एक आहेत. पंपांच्या कारखान्यात जन्मभर खरेदी खातं सांभाळलंय. बोलायला लागले की थांबत नाहीत."

"कोण?"

"माझे सासरे."

बोलल्या बोलल्या तिने जीभ चावली. पण बाण सुटला होता.

सासरे निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पहिली काही वर्षं कारखान्यातून फोन यायचे, साहेब अमुक कुठे मिळेल, तमुक कोण बनवतं. मग ते थांबले. आताशा ते सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसत आणि दुपारपर्यंत एकच वर्तमानपत्र तीनदा वाचत. सून म्हणाली, "बाबा, आमच्याकडे गुरुवारी बोलाल का?" तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला, "बघू, वेळ आहे का," असं म्हणाले आणि त्याच दिवशी जाऊन केस कापून आले. तिला ते बघून भरून आलं. त्यांना परत कोणीतरी बोलावलं होतं.

सर म्हणाले होते, "आठवडाभराच्या पोस्ट कशा चालतात बघू. चालल्या तर तुमच्या सासऱ्यांना दर महिन्याला बोलावू." ही गोष्ट तिने घरी सांगितली नाही. सासूबाईंनी ती तिच्या तोंडावरून वाचली.

"म्हणजे आता ते बोलणार, आणि तू कापणार," सासूबाई म्हणाल्या. "मला चाळीस वर्षं कापता आलं नाही. तुला जमतंय का बघ."

सासऱ्यांनी तर आधीच बजावून ठेवलं. "सूनबाई, माझं एकही वाक्य अनाठायी नसतं. कापायचं असेल तर मला विचारून काप."

"बाबा, दीड तासातून मिनिटभर काढायचं असतं."

"मग कुठलं मिनिट ते मी सांगतो."

नवरा ताटावरून न उठता म्हणाला, "मी या दोघांच्या मध्ये नाही." हे वाक्य त्याने लग्नात घेतलेल्या शपथेसारखं आजवर पाळलं होतं.

सासऱ्यांची गोष्ट सांगायची एक खोड होती. आधी उलटी बाजू मांडायची. तीही अशी तिखटमीठ लावून, की ऐकणाऱ्याला वाटावं, याच मताचा आहे म्हातारा. मग थांबायचं, पाण्याचा घोट घ्यायचा, आणि म्हणायचं, "आता खरं ऐका." त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट बाकाची. ती घरात जेवणाच्या टेबलावर इतक्या वेळा होऊन गेली होती, की ती सुरू झाली की नवरा पुढची वाढणी घ्यायचा. गोष्ट अशी: त्यांचे पहिले साहेब भेटायला आलेल्या पुरवठादाराला मुद्दाम बाहेर बाकावर बसवून ठेवत. पंखा बंद. पाणी नाही. माणूस घामाघूम झाला की आत बोलवायचं, म्हणजे तो भाव पाडतो. आता खरं ऐका. एके वर्षी बाजारात मालाची टंचाई आली, आणि तेच साहेब त्याच पुरवठादाराच्या दारात सकाळपासून बसलेले सासऱ्यांनी स्वतः पाहिले. त्या दिवसापासून सासऱ्यांनी आपल्या दाराबाहेरचा बाक काढून टाकला. नोकरीत असेपर्यंत एकाही पुरवठादाराला ताटकळत ठेवलं नाही, हाच त्यांचा सगळ्यात मोठा दागिना.

गुरुवार झाला. सासरे पुठ्ठ्याच्या पुस्तकांपुढे बसून अस्खलित बोलले. फक्त दोनदा कॅमेऱ्याऐवजी गोल दिव्याशी बोलले, तेवढं सोडलं तर छान. सर खूश. शिंपीणबाई त्या दीड तासात दाराशी उभी राहून नखं खात होती आणि ऐकत कमी होती.

शुक्रवारी तिने रेकॉर्डिंग लावलं. बाकाची गोष्ट आली तशी तिला हसूच फुटलं. काय अभिनय! "पुरवठादार आला ना, की आधी त्याला बाहेर बसवा. बाकावर! पंखा बंद करा. पाणीसुद्धा विचारू नका. अर्ध्या तासाने आत घ्या. माणूस घामाने भिजला की भाव आपोआप खाली येतो!" डोळे मिचकावले, टेबलावर थाप मारली. एक मिनिटाला चार सेकंद कमी. उभ्या व्हिडिओला याहून चांगलं काय हवं? पहिल्या तीन सेकंदांत बघणाऱ्याचा अंगठा थांबलाच पाहिजे, असा तुकडा. तिने तो कापला, खाली अक्षरं उमटवली, वर मथळा दिला, 'खरेदीतली जुनी युक्ती', आणि मंगळवारच्या खणात टाकला. मग स्लाइड, वाक्य, प्रश्न वगैरे करून सातही दिवस वेळ लावून ठेवले आणि हात झटकले.

सोमवारी स्लाइड गेल्या. बऱ्या चालल्या. सासऱ्यांनी सकाळपासून फोन हातातून सोडला नाही. "सत्तावीस लोकांना आवडलं," त्यांनी सासूबाईंना सांगितलं. 

"त्यातली मी एक," सासूबाई म्हणाल्या, "आणि हा एक," म्हणून मुलाकडे बोट दाखवलं.

मंगळवारी बाकाचा व्हिडिओ गेला. आणि तो जो धावत सुटला! दुपारपर्यंत कंपनीच्या कुठल्याही पोस्टला मिळाले नव्हते एवढे लोक. सर खुर्चीतून उठून तिच्या टेबलाभोवती फेऱ्या मारायला लागले. "ताई, तुमच्या सासऱ्यांनी कमाल केली! कॉमेंट बघा, कॉमेंट!"

तिने कॉमेंट बघितल्या. 'एकदम बरोबर, आजपासूनच बसवतो.' 'असे खडूस लोक होते म्हणूनच आमच्यासारख्यांचे धंदे बुडाले.' 'काका, बाक कुठे मिळेल?' 'हे बिझनेस ट्रेनिंग आहे की छळछावणी?' ती वाचत गेली आणि तिला कळेना, लोक असे काय बोलतायत. खरं तर सगळं पुढे सांगितलंय की. मग तिने तो व्हिडिओ स्वतः पहिल्यापासून पाहिला, अनोळखी माणसासारखा. पुढे काही नव्हतंच. भाव खाली आला, आणि व्हिडिओ संपला.

ती गोष्ट तिने इतक्या वेळा ऐकली होती, की तिच्या कानात पाण्याचा घोट आणि 'आता खरं ऐका' आपोआप वाजलं होतं. कापताना तिने अर्धी गोष्ट कापली आणि ऐकली मात्र पुरी. तिने घाईघाईने नवऱ्याला फोन केला. "व्हिडिओ पाहिलास?"

"पाहिला की. मस्त आहे."

"काही खटकलं नाही?"

"नाही बुवा. बाबांची बाकाची गोष्ट. शेवटी तो साहेब दारात बसतो ती."

"शेवट आहे त्यात?"

पलीकडे त्याने व्हिडिओ पुन्हा लावल्याचा आवाज आला. "अगं, खरंच की," नवरा म्हणाला. म्हणजे घरातल्या कोणालाच पत्ता नव्हता. अख्खं घर एकाच रोगाने बहिरं झालेलं.

तेवढ्यात आणखी एक कॉमेंट आली. साधी, शिव्याही नाहीत त्यात. 'साहेब, मी वॉशरवाला. इतकी वर्षं तुमच्याकडे येत होतो. तुम्ही मला कधी बाहेर बसवलं नाहीत. मग आज हे असं का बोलता?'

वॉशरवाला तिला ऐकून माहीत होता. पंपात घालायच्या रबरी वॉशरांचा एका खोलीतला कारखाना होता त्याचा. त्याला पहिली ऑर्डर दिली ती सासऱ्यांनी. ही कॉमेंट वाचून तिला वाटलं, आत्ता जमीन दुभंगली तर बरं. ज्याच्यासारख्यांसाठी बाक काढला, त्यालाच वाटत होतं की साहेबांच्या मनात बाक होताच.

ती सरांसमोर जाऊन उभी राहिली. "सर, चूक झाली. अर्धी गोष्ट गेलीय. उरलेल्या पोस्ट मी थांबवल्यात."

"थांबवल्यात? अहो, लोक आत्ता येतायत! भांडताहेत म्हणजे बघताहेत."

"सर, त्यांनी जे जन्मात केलं नाही तेच ते शिकवतायत असं दिसतंय. आपल्या नावाने."

सरांनी फेऱ्या थांबवल्या. 'आपल्या नावाने' हे बरोबर जागी लागलं. "मग उडवायचा का?"

"उडवला तर खालच्या कॉमेंटही जातील. ज्यांनी पाहिला त्यांना मात्र तो तसाच आठवणार. व्हिडिओ बदलून दुसरा तिथे घालता येत नाही. वरचा मजकूर तेवढा बदलता येतो." तिने मजकूर बदलला: 'ही गोष्ट अर्धी आहे, हा सल्ला नाही. चूक आमची.' हीच ओळ कॉमेंटमध्ये सगळ्यांत वर अडकवून ठेवली. आता उरलेली अर्धी गोष्ट रेकॉर्डिंगमधून काढायची आणि उद्या लावायची, एवढंच काम. अर्ध्या तासाचं.

तिने उतरवलेल्या मजकुरात 'आता खरं ऐका' शोधलं. मिळालं नाही. मशीन कधीकधी खातं एखादं वाक्य, म्हणून तिने 'टंचाई' शोधलं. नाही. 'बाक' शोधलं. सगळे बाक त्या एका मिनिटातलेच. मग तिने रेकॉर्डिंग तिथून लावलं. सासऱ्यांनी टेबलावर थाप मारली, हसले, पाण्याचा ग्लास उचलला, आणि तेवढ्यात एका सायकलच्या दुकानदाराने मध्येच विचारलं, "सर, माल उशिरा आला तर काय करायचं?" सासऱ्यांनी ग्लास खाली ठेवला. प्रश्न त्यांना आवडला. त्यावर ते वीस मिनिटं फार सुंदर बोलले. मग आणखी दोन शंका, मग आभार, मग पडदा बंद. तिने पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

ते शेवट बोललेच नव्हते.

तिने कानावरून हेडफोन काढले आणि नुसती बसून राहिली. आपल्या कात्रीने कापलं असतं तर परवडलं असतं. ती चूक तिची, ती निस्तरली असती. पण हे त्यांना सांगायचं कसं? तुम्ही विसरलात बाबा, हे वाक्य त्या घरात कोणी बोलत नसे. किल्ल्या कुठे ठेवल्या ते विसरले तरी ते म्हणत, कोणीतरी हलवल्या.

घरी पोचली तेव्हा सासरे खुर्चीत ताठ बसलेले. फोन टेबलावर उलटा.

"वॉशरवाल्याने काय लिहिलंय, वाचलंस?"

"वाचलं बाबा."

"मी तुला म्हणालो होतो, विचारून काप."

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तुम्ही त्याला फोन करा ना बाबा. दोन मिनिटांत मिटेल."

"फोन? आणि काय सांगू? सुनेने कापलं म्हणून? आधी तो भाग लाव. लोकांसमोर बोललोय, लोकांसमोरच दिसू दे. पुरावा दिसला की मग बोलेन त्याच्याशी."

बुधवार असाच गेला. सासरे विचारत, "लागला का?" आणि ती म्हणे, "बघतेय बाबा." जेवताना ते बोलले नाहीत. सासूबाईंनी दोनदा मुद्दाम खोडी काढली, तरी नाही. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्यांच्या त्या गप्प बसण्याने ती अर्धी झाली. सगळा दोष आपल्यावर घ्यायचा आणि रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी बिघाड झाला असं ठोकून द्यायचं, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं. सासऱ्यांची मान खाली जाण्यापेक्षा बिचाऱ्या मशीनची गेलेली काय वाईट?

गुरुवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून तिच्यासमोर उभे राहिले. "चल. मी येतो ऑफिसात. कुठे कापायचं ते मीच दाखवतो. तुला जमत नाही."

आता नाही कशी म्हणणार? सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. तिने रेकॉर्डिंग लावलं, एकदम गोष्टीच्या जागेपासून. सासरे हातात पेन्सिल घेऊन पुढे वाकले. थाप मारली. हसले. ग्लास उचलला. पडद्याबाहेरच्या सासऱ्यांचे ओठ हलले, तिने ते पाहिलं: आता खरं ऐका. पण पडद्यावरच्या सासऱ्यांनी ग्लास खाली ठेवला आणि सायकलवाल्याला उत्तर द्यायला सुरुवात केली.

"हे झालं की येतो मी त्यावर," सासरे म्हणाले. "मी नेहमी येतो."

सायकलवाला झाला. दुसरी शंका झाली. तिसरी झाली. सासरे हळूहळू मागे टेकत गेले. पडद्यावरच्या माणसाने हात जोडून आभार मानले आणि चित्र गेलं. चहावर साय धरली होती.

"मी बोललोच नाही," ते म्हणाले.

"नाही बाबा."

"तुला माहीत होतं?"

"मंगळवारपासून."

त्यांनी पेन्सिल टेबलावर नीट आडवी ठेवली. "आणि तरी माझं चुकलं, माझं चुकलं म्हणत फिरत होतीस."

"माझंही चुकलंच की. तुम्ही बोलायचं विसरलात, मी ऐकायचं. मला तो शेवट ऐकू आला बाबा, खरंच. इतका पाठ आहे."

सासरे खिडकीकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा तिला एकदम म्हातारा दिसला. वाटलं, संपलं. आता हे पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसणार आणि पेपर तीनदा वाचणार.

"तुमचा तो दिवा लावा," सासरे म्हणाले.

"काय?"

"दिवा. गोल. जे गेलं ते अर्धं गेलं. उरलेलं आता घ्या. जुन्यात जोडू नका, मी तेव्हाच बोललो होतो असं दाखवू नका. आज बोलतोय हे दिसलं पाहिजे."

पुठ्ठ्याच्या पुस्तकांपुढे ते बसले. या वेळी बरोबर कॅमेऱ्याकडे बघून. उलटी बाजू नाही, अभिनय नाही. "गेल्या गुरुवारी मी एक गोष्ट अर्धी सांगितली आणि विसरलो. वय झालंय. आमच्या सूनबाईंनी ती कापली नाही, ती मी बोललोच नव्हतो. पुरवठादाराला बाहेर बसवू नका. माझ्या साहेबांनी बसवला, आणि टंचाई आली तेव्हा त्यांनाच त्याच्या दारात बसावं लागलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वॉशरवाले, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. मी तुम्हाला कधी बसवलं नाही, आणि मनातही नव्हतं." एवढंच. एक मिनिटाच्या आत. ती कॅमेऱ्यामागे उभी राहून रडत होती, आणि बरं झालं की कॅमेरा दुसरीकडे तोंड करून होता.

तिने त्यातला एक शब्दही कापला नाही. खाली अक्षरं उमटवली, वर लिहिलं, 'बाकाची गोष्ट, पूर्ण', आणि लगेच लावला. मंगळवारच्या व्हिडिओखाली सगळ्यांत वर त्याची लिंक अडकवली. मग थांबवलेल्या बाकीच्या पोस्ट पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचल्या, अनोळखी माणसासारख्या, आणि दोन बदलल्या.

सर आकडे बघत होते. "ताई, हा तितका नाही हो धावत. पहिल्याच्या पाव भागही नाही."

"दुरुस्तीला पाय नसतात सर," ती म्हणाली. "आम्हाला छापखान्यात माहीत होतं."

"तुमचे सासरे पुढच्या महिन्यात येतील ना पण?" सर हळूच म्हणाले. "मला असा माणूस पाहिजे."

ती उत्तर देणार तेवढ्यात सासऱ्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी नाव पाहिलं, फोन कानाला लावायला गेले आणि घाबरून तिच्याकडे दिला. तिने आवाज मोठा करून मध्ये ठेवला.

"साहेब, पाहिलं," वॉशरवाल्याचा आवाज आला, जाड आणि हसरा. "मला माहीतच होतं. पण एक तक्रार आहे."

"बोला."

"मंगळवारी विचारलं, आज गुरुवारी उत्तर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला बाहेर बसवलंत साहेब."

पुरावा, पुरावा करत सासऱ्यांनी दोन दिवस घालवले होते आणि तो माणूस तिकडे उत्तराची वाट बघत बसला होता. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"खरंय," ते म्हणाले. "बसवलं मी तुम्हाला. माफ करा."

"अहो साहेब, गंमत केली!"

"मी नाही केली. कुठे आहात आत्ता? वर्कशॉपमध्ये? थांबा तिथेच." ते उठले, आणि सुनेला म्हणाले, "चल, मला सोड. मी जाऊन बसतो आता त्याच्या दारात."